वर मिळत नाही, सगळे खालीच राहतात

एखाद्या गडाच्या माचीवर वस्ती असते. तिथे जाताना सुचू शकेल अशी एक कोटी घेऊ: ‘माचीतल्या पोरींना वर मिळत नाही, सगळे खालीच राहतात.’ मराठी माणूस निदान कपाळाला हात तरी लावेल. बरोबरच्या हिंदीभाषक पाहुण्याला मात्र ती समजावून सांगावी लागेल, आणि तिथेच ती मरेल.

गंमत अशी की अर्धी कोटी त्याला आधीच येते. नवरा या अर्थाचा ‘वर’ हिंदीतही आहे. त्यामुळे ‘लड़कियों को वर नहीं मिलता, सब नीचे ही रहते हैं’ हे वाक्य तो बिनचूक समजतो, फक्त हसत नाही. ‘नीचे’ची जोडी त्याच्या मनात ‘ऊपर’शी आहे.

याचं कारण शब्दांच्या वंशावळीत सापडतं. नवरदेव ‘वर’ संस्कृत ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूवरून आला. दिशेचा ‘वर’ आला ‘उपरि’पासून. मराठीने त्यातला सुरुवातीचा ‘उ’ गाळला, मधल्या ‘प’चा ‘व’ झाला आणि दोन परके शब्द एकाच उच्चारावर येऊन आदळले. हिंदीने ‘ऊपर’ राखला, कोकणीत ‘वयर’ झाला. तिथे ही टक्कर झालीच नाही. उलट ‘देवीकडे वर मागितला’ ही कोटी हिंदीत सुखरूप पोचते, कारण वरदानाचा ‘वर’ही त्याच ‘वृ’चा आहे.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात शब्दश्लेषाची परीक्षा सांगितली ती हीच: शब्दाऐवजी समानार्थी शब्द ठेवा, श्लेष मोडला तर तो शब्दावर उभा होता. इथे ‘वर’च्या जागी ‘नवरा’ ठेवून पाहा. भाषांतर हीच अदलाबदल सगळ्याच शब्दांची एकदम करतं.

पण पाहुण्याला दोन्ही अर्थ सांगितले तरी तो का हसत नाही? १९७९ साली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी लोकांना द्व्यर्थी शब्द असलेली वाक्यं ऐकवली आणि त्याच क्षणी पडद्यावर अक्षरं दाखवून ती खरा शब्द आहेत का, हे विचारलं. संदर्भ एकाच अर्थाचा असला तरी शब्द कानावर पडताच दोन्ही अर्थ जागे होत; वाक्यातली पुढची तीनच अक्षरं ऐकेपर्यंत नको असलेला अर्थ मावळलेला असे. आपल्या वाक्यात ‘वर’नंतर ‘खालीच’ येईपर्यंत दिशेचा अर्थ असाच मावळला असणार. ‘खालीच’ त्याला परत ओढतं. स्पष्टीकरण ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ सावकाश, एकामागोमाग मिळतात. मनात काही मावळत नाही आणि परतही येत नाही.

म्हणून समजावायचंच असेल तर आधीच तयारी करावी. चढताना वाटेत सहज ‘अजून वर, अजून वर’ म्हणत राहावं, अर्थ न सांगता. तो स्वतःच ‘वर?’ विचारू लागला की मग वाक्य टाकावं. तेही नेमकं असंच, कारण ‘पोरींसाठी वराला शोधतात’ म्हटलं की विभक्ती लागते आणि मराठी माणूसही हसत नाही.