पैसे एकदाच आले, ऑर्डर मात्र दोन! डेव्हलपरचा ईमेल कसा वाचायचा?

तुमची ऑनलाइन दुकानाची वेबसाइट चालू झाली की एक दिवस तुम्हाला डेव्हलपरकडून एक ईमेल येणार. विषय असेल "काल रात्री झालेला बिघाड". बरेच मालक असा ईमेल उघडतात, दोन इंग्रजी शब्द दिसले की बंद करतात आणि फोन करून विचारतात, "आता चालू आहे ना?" पण पैशांचा खरा हिशोब त्या ईमेलमध्येच असतो. म्हणून आज असा एक ईमेल आपण ओळीओळीने वाचूया.

खालचा ईमेल मी समजावण्यासाठी तयार केलेला नमुना आहे, पण असा बिघाड ऑनलाइन दुकानांत खरोखर होतो. दुकान मसाले आणि पापडांचं आहे आणि डेव्हलपर नवीन मुलगा आहे, पहिलीच नोकरी.

> विषय: शुक्रवार रात्रीच्या डबल ऑर्डर – काय झालं, का झालं, काय केलं
>
> सर,
>
> काय झालं: शुक्रवारी रात्री ८:१० ते शनिवारी सकाळी ११:०५ या वेळात ५८ ऑनलाइन पेमेंट आली, पण आपल्या सिस्टिममध्ये ७१ ऑर्डर तयार झाल्या. म्हणजे १३ ऑर्डर जास्तीच्या. ११ ग्राहकांच्या बाबतीत हे झालं: ९ जणांची ऑर्डर दोनदा, २ जणांची तीनदा. पैसे सगळ्यांचे एकदाच कापले गेलेत.
>
> कसं कळलं: सकाळी पॅकिंगवाल्या ताईंना एकाच पत्त्याची दोन लेबलं दिसली. सिस्टिमने स्वतःहून काही सांगितलं नाही.
>
> का झालं: ८:१० ला मी नवीन व्हर्जन लाइव्ह केलं. त्यात पेमेंटचा मेसेज आला की आधी बिलाची पीडीएफ बनते, ती ग्राहकाला ईमेल होते आणि मग आपण गेटवेला "मिळालं" असं उत्तर देतो. गर्दीत याला ८-९ सेकंद लागले. गेटवे ५ सेकंदच थांबतो. उत्तर न आल्यामुळे त्याने तोच मेसेज परत पाठवला आणि आपण परत ऑर्डर बनवली.
>
> लगेच काय केलं: ११:०५ ला जुनं व्हर्जन परत लावलं. जास्तीच्या १३ पैकी ९ ऑर्डर रद्द करून स्टॉक परत जमा केला. ४ पार्सल कुरिअरकडे गेली आहेत, त्यांची यादी सोबत आहे.
>
> कायमचा उपाय: जुन्या व्हर्जनमध्येही ही फट होतीच, फक्त उत्तर वेळेत जात असल्यामुळे दिसली नव्हती. म्हणून दोन बदल सोमवारी करतोय, तपशील खाली आहे.

आता यातलं एकेक बघू.

गेटवे तोच मेसेज परत का पाठवतो?

ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले की पेमेंट गेटवे तुमच्या वेबसाइटला आपोआप एक मेसेज पाठवतो, "या नंबरचं पेमेंट झालं." याला वेबहुक म्हणतात. गेटवेला तुमच्याकडून लगेच पोच हवी असते. पोच आली नाही तर तो समजतो की मेसेज पोचलाच नाही, आणि परत पाठवतो. ही त्याची चूक नाही, तसंच ठरलेलं असतं. मेसेज हरवून ग्राहकाची ऑर्डरच बुडण्यापेक्षा दोनदा पोचलेला बरा.

कुरिअरवाला बेल वाजवतो, तुम्ही आत पार्सल उघडून वजन करत बसता आणि सही द्यायला बाहेर येतच नाही. तो परत बेल वाजवणारच. आधी सही द्यायची, मग पार्सल उघडायचं.

मुलाने आपल्या लॅपटॉपवर हे तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. पण एका ऑर्डरची पीडीएफ एका सेकंदात बनते. रात्री एकदम सात-आठ ऑर्डर आल्या की सर्व्हर मंदावतो. एकट्या ऑर्डरवर केलेल्या चाचणीत हा बिघाड दिसतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी जागा

"पैसे एकदाच कापले गेलेत" हे वाक्य दोनदा वाचा. घाईत मालक काय करतो? दोन ऑर्डर दिसल्या, म्हणजे ग्राहकाचे पैसे दोनदा गेले असं समजून एका ऑर्डरचा रिफंड देतो. पण पेमेंट तर एकच होतं! तुम्ही तेच परत केलं, म्हणजे माल फुकट गेला. म्हणून आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर पेमेंट नंबर बघायचा. दोन ऑर्डरवर एकच पेमेंट नंबर असेल तर रिफंड द्यायचा नाही, जास्तीची ऑर्डर रद्द करायची. दोन वेगळे नंबर असतील आणि ग्राहकाने माल एकदाच मागवला असेल, तर त्याने खरंच दोनदा पैसे भरलेत, तिथे रिफंड द्यायचा.

त्या ४ पार्सलांचं काम तुमचं, डेव्हलपरचं नाही. कुरिअरला परत बोलवायला सांगा आणि त्या ग्राहकांना आधीच फोन करा, "दुसरं पार्सल चुकून निघालंय, पैसे कापलेले नाहीत."

कायमचा उपाय म्हणजे काय?

पहिला बदल: एका पेमेंट नंबरवर एकच ऑर्डर, हा नियम डेटाबेसमध्येच घालायचा.

```sql
ALTER TABLE orders
ADD CONSTRAINT uniq_payment UNIQUE (payment_id);
```

यानंतर मेसेज दहा वेळा आला तरी दुसरी ऑर्डर बनूच शकत नाही. दोन गोष्टी मात्र विचारा. टेबलमध्ये आधीच्या डबल नोंदी त्याच पेमेंट नंबरसह पडून असतील तर ही कमांड चालणार नाही. ऑर्डर फक्त "रद्द" म्हणून खूण करून भागत नाही, आधी त्या नोंदी साफ कराव्या लागतात. आणि दुसऱ्यांदा आलेल्या मेसेजलाही "मिळालं" असंच उत्तर गेलं पाहिजे. तिथे एरर पाठवली तर गेटवे मेसेज पाठवतच राहील.

दुसरा बदल: पोच लगेच द्यायची, आणि पीडीएफ-ईमेलचं काम रांगेत टाकून मागाहून करायचं.

नुसतं जुनं व्हर्जन लावून मुलगा थांबला असता तर दिवाळीच्या गर्दीत सर्व्हर मंदावला की हेच परत झालं असतं. "का झालं" या भागात फक्त "सर्व्हर स्लो होता" लिहिलं असेल तर समजा, अजून मुळापर्यंत गेलेले नाहीत. आणखी एक विचारा, "जुन्या व्हर्जनमध्ये हे होऊ शकलं असतं का?"

या नियमाची मर्यादाही ओळखा. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरला पेमेंट नंबरच नसतो, त्यामुळे ग्राहकाने बटण दोनदा दाबलं तर ती डबल ऑर्डर इथे अडणार नाही. त्यासाठी वेगळी सोय लागते.

पुढच्या वेळी ताईंच्या आधी कसं कळेल?

डेव्हलपरकडून ही तपासणी रोज सकाळी पॅकिंगच्या आधी चालवून घ्या:

```sql
SELECT payment_id, COUNT(*)
FROM orders
WHERE payment_id IS NOT NULL
GROUP BY payment_id
HAVING COUNT(*) > 1;
```

उत्तर रिकामं आलं तर सगळं ठीक. एक जरी ओळ आली तरी त्या नंबरची पार्सलं थांबवा. कोड नको असेल तर कालच्या यशस्वी पेमेंटचा आकडा गेटवेच्या डॅशबोर्डवर बघा आणि प्रीपेड ऑर्डरचा आकडा तुमच्या वेबसाइटवर. दोन्ही जुळले पाहिजेत. ऑर्डर जास्त असतील तर डबल झाल्यात, आणि कमी असतील तर कुणीतरी पैसे भरून मालाची वाट बघतंय.