ज्यूलमागे ज्यूल

कार्नोचं १८२४चं पुस्तक, १८६५ साली क्लाउसियुसने केलेलं एन्ट्रॉपीचं बारसं, मग बोल्ट्झमन: ही वंशावळ वाचकांना पाठ असेल, म्हणून ती इथेच सोडतो. मला बोलायचंय ते माझ्या जुन्या हट्टाविषयी.

८० अंश सेल्सिअसचं एक किलो पाणी आणि २० अंशांचं एक किलो पाणी. दोन्ही मिसळली, बाहेर उष्णता जाऊ दिली नाही, की दोन्ही ५० अंशांवर येतात. एकूण एन्ट्रॉपी वाढली हे कसं दाखवायचं? आमच्यातले काही विद्वान लगेच बीजगणित काढतात: अंतिम तापमान हे दोन तापमानांचं अंकगणिती मध्य, ते भूमितीय मध्याहून मोठं, म्हणून लॉगरिदम धन, संपलं. सिद्धता देखणी आहे, पण एका बाजूला तांब्याचा ठोकळा ठेवा, की ती लंगडते. कारण अंतिम तापमान मग बरोबर मधोमध येत नाही.

मी वर्गात एकेका ज्यूलच्या मागे जात असे. पहिला ज्यूल ३५३ केल्विनवरून निघतो आणि २९३ केल्विनवर पोहोचतो. गरम पाण्याने गमावलं १/३५३, थंड पाण्याने कमावलं १/२९३. ज्यूल तोच, पण भागाकारातला छेद लहान, म्हणून कमाई मोठी. पुढच्या प्रत्येक ज्यूलला फरक घटत जातो, शेवटच्याला जवळजवळ शून्य होतो, पण ऋण कधीच होत नाही. कारण उष्णता देणारा घेणाऱ्यापेक्षा शेवटपर्यंत गरमच असतो. पदार्थ कोणता, वस्तुमान किती, विशिष्ट उष्णता तापमानागणिक बदलते का, यातलं काहीही विचारावं लागत नाही.

बेरीज केली की गरम पाण्याची एन्ट्रॉपी सुमारे ३७२ ज्यूल प्रति केल्विन घटते, थंड पाण्याची ४०८ वाढते. निव्वळ वाढ ३६. इथे कुणीतरी हटकून विचारायचा, मिसळणं तर अप्रतिवर्ती, मग हे सूत्र चालतं कसं? एन्ट्रॉपी फक्त आरंभीची आणि अखेरची अवस्था बघते, वाट बघत नाही. म्हणून हिशेबापुरती प्रत्येक पाणी सावकाश तापवण्या-निववण्याची प्रतिवर्ती वाट कल्पायची. असे प्रश्न आता येत नाहीत. चार पर्यायांतून ‘शून्याहून अधिक’वर खूण केली की गुण मिळतात, आणि सेल्सिअसने भागणारा मुलगाही कधीकधी तीच खूण करून सुटतो.

बीजगणितवाल्यांच्या भूमितीय मध्यालाही खरा अर्थ आहे, तो मात्र ते सांगत नाहीत. दोन पाण्यांमध्ये आदर्श कार्नो इंजिन बसवलं, तर एकूण एन्ट्रॉपी वाढत नाही आणि दोन्ही पाणी ५० ऐवजी ४८.६ अंशांवर थांबतं. दीड अंशाहून थोडी कमी अशी ही तफावत म्हणजे सुमारे ११.७ किलोज्यूल काम. मिसळताना ते आपण करून घेतलं नाही, आणि आता त्या कोमट पाण्यातून ते काढता येणार नाही.