व्हिडिओ काढला गेला की नुसता झाकला गेला?

बकरीद जवळ आली की सुऱ्यांची मागणी वाढते. आज अनेक कारागीर आपला माल यूट्यूबवर दाखवतात आणि गिऱ्हाईक तेथूनच मिळवतात. अशा ऐन हंगामात व्हिडिओ अडला तर मोठे नुकसान होते. म्हणून तो का अडतो, हे कारागीर बांधवांनी समजून घ्यावे.

समजा, एका कारागिराने सुरी घडवण्याचे व धार लावण्याचे काम दाखवले आणि शेवटी त्याच सुरीने बकरा जबह होतानाचे जवळून दृश्य जोडले. अन्नासाठी जनावर जबह करणे यूट्यूबच्या नियमांत प्राण्यांचा छळ मानले जात नाही. अडचण येते ती रक्ताच्या दृश्यामुळे. निव्वळ हादरवण्यासाठी दाखवलेले दृश्य काढले जाऊ शकते. हेतू योग्य असला, तरी दृश्य फार स्पष्ट असेल तर वयाची अट लागू शकते. हेतू व्हिडिओतच, बोलण्यातून किंवा चित्रातून दिसावा; नुसत्या शीर्षकावर विसंबू नये.

व्हिडिओ काढला गेल्यास पहिल्या वेळी सहसा ताकीद मिळते. पुढच्या चुकीला स्ट्राइक लागतो आणि एक आठवडा नवा व्हिडिओ चढवता येत नाही. 90 दिवसांत दुसरा स्ट्राइक लागला तर ही बंदी दोन आठवड्यांची होते, आणि तिसऱ्याला चॅनेलच जाते. व्हिडिओ स्वतः पुसून टाकल्याने स्ट्राइक पुसला जात नाही.

वयाच्या अटीचा प्रकार वेगळा आहे. तिच्यासोबत स्ट्राइक नसतो, त्यामुळे ती सहज लक्षात येत नाही. व्हिडिओ जागेवरच असतो, पण खात्यात प्रवेश न केलेल्यांना आणि 18 वर्षांखालील मुलांना तो दिसत नाही. दुसऱ्या बहुतेक संकेतस्थळांवरही तो चालत नाही. मागण्या अचानक घटल्या तर स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून व्हिडिओ उघडून पाहावा. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओंच्या यादीतील Restrictions या रकान्यातही अट नोंदलेली असते.

निर्णय चुकीचा वाटला तर तेथूनच अपील करता येते. मात्र एका निर्णयावर एकदाच, म्हणून रागाच्या भरात लिहू नये. आपल्या कारागिराने असे लिहावे: ‘हा सुरी बनवण्याचा व्हिडिओ आहे. शेवटच्या 20 सेकंदांत अन्नासाठी जनावर जबह केले आहे, आणि हे मी व्हिडिओत सांगितले आहे.’ तपासणारा तक्रारीचा सूर नव्हे, तर व्हिडिओ नियमात बसतो का, हे पाहतो. मग व्हिडिओ परत येतो, वयाची अट लावून परत येतो, किंवा पहिलाच निर्णय कायम राहतो.

वयाची अट कायम राहिली तर ते दृश्य वगळून नवा व्हिडिओ चढवावा. सुरीची धार कागद किंवा टोमॅटो कापूनही दाखवता येते.