चाकावरचा ठिपका किती चालतो?

सायकलच्या टायरवर पांढऱ्या ऑइलपेंटचा एक ठिपका लावा आणि सायकल सरळ रेषेत सावकाश ढकला. ठिपका जमिनीवरून उचलला जातो, वर चढतो, पुढे झेपावतो आणि चाकाचा एक फेरा पुरा झाला की पुन्हा जमिनीला टेकतो. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली, तर या दोन टेकण्यांमधलं अंतर चाकाच्या परिघाइतकं, म्हणजे साधारण २२० सेंटिमीटर भरतं. हे झालं शाळेतलं गणित. पण ठिपक्याने स्वतः हवेत जी कमान काढली, तिची लांबी किती?

२८० सेंटिमीटर. त्रिज्येच्या बरोबर आठपट. त्यात π नाही की दशांश नाहीत. चाक म्हटलं की π आलाच अशी आपली समजूत असते, त्यामुळे हा आकडा पहिल्यांदा पाहताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

या कमानीचं नाव सायक्लॉइड. तिच्याखालचं क्षेत्रफळ जमेना तेव्हा गॅलिलिओने तिचा आकार कापून वजनकाट्यावर तोलून पाहिला होता. वाकड्या रेषेची लांबी मात्र त्याहून अवघड समजली जाई. सरळ आणि वक्र रेषांमधलं नेमकं गुणोत्तर माणसाला कळणारच नाही, असं देकार्तने १६३७ साली लिहून ठेवलं होतं. पुढे १६५८ साली ख्रिस्तोफर रेन या पंचविशीतल्या तरुणाने सायक्लॉइडची लांबी त्रिज्येच्या आठपट असते हे सिद्ध केलं. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा वास्तुकार तो हाच. त्याने भूमितीच्या वाटेने जे केलं, ते आज बारावीनंतरचे विद्यार्थी संकलनाने पानभरात करतात. त्या पानातली एकच ओळ खरी महत्त्वाची आहे, आणि बहुतेकांचा पाय नेमका तिथेच घसरतो.

चाक किती फिरलं त्या कोनाला t म्हणू. ठिपका जमिनीवर किती पुढे आला ते x आणि किती उंच आहे ते y:

x = r(t − sin t), y = r(1 − cos t)

x आणि y एकमेकांवर थेट अवलंबून नाहीत. दोघेही t कडे पाहून चालतात, म्हणून t ला प्राचल म्हणायचं. आता चाक अगदी कणभर फिरलं असं समजा. तेवढ्यात ठिपका थोडा पुढे गेला आणि थोडा वर गेला. तो खरोखर किती चालला? इतक्या छोट्या तुकड्यात कमान सरळच दिसते, म्हणून पायथागोरस लावायचा: पुढच्या सरकण्याचा वर्ग, वरच्या सरकण्याचा वर्ग, दोघांची बेरीज, तिचं वर्गमूळ. असे सगळे तुकडे जोडले की लांबी मिळते:

L = ∫ √[(dx/dt)² + (dy/dt)²] dt

इथे dx/dt = r(1 − cos t) आणि dy/dt = r sin t. माझी भाची इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना हे गणित घेऊन आली होती. तिने वर्गमूळ दोन्ही पदांना वेगवेगळं लावून टाकलं, म्हणजे मुळाखाली r(1 − cos t) आणि r sin t यांची नुसती बेरीज उरली. तिचं संकलन करून उत्तर आलं 2πr. "मामा, परीघच आला, म्हणजे बरोबर असणार!" बेरजेचं वर्गमूळ म्हणजे वर्गमुळांची बेरीज नव्हे, हे तिला ठाऊक होतं, पण परीक्षेत हात डोक्याच्या पुढे धावतो. या चुकीचा कावेबाजपणा असा की उत्तर ओळखीचं दिसतं. मी तिला एवढंच विचारलं, "दोन टेकण्यांमधली जमीनही 2πr आणि वरून वळसा घालून जाणारी कमानही 2πr, हे कसं?" ती हसली आणि पान फाडलं.

सोडवण्याआधी उत्तर कुठे असेल ते चाचपून ठेवावं. कमानीचा माथा सुरुवातीपासून πr पुढे आणि 2r उंच असतो. तिथपर्यंत ताणलेला दोरा साधारण 3.72r चा, म्हणून दोन्ही बाजू मिळून कमान 7.44r पेक्षा मोठी हवी. उलट, आधी सरळ वर आणि मग सरळ पुढे असं चौकोनी चाललं तर दोन्ही बाजू मिळून 10.28r होतात, म्हणजे कमान त्याहून लहान हवी. 2πr म्हणजे 6.28r, ते या कुंपणाबाहेरच पडतं.

आता मुळाखाली खरं काय आहे ते उघडून पाहू:

r²(1 − 2cos t + cos² t + sin² t) = 2r²(1 − cos t)

cos² आणि sin² मिळून १ झाले, हे कुणालाही दिसतं. पण इथेच थांबून √(1 − cos t) चं संकलन करायला बसलात तर हाती काही लागत नाही. मूळ काढायचं तर आत पूर्ण वर्ग हवा आणि 1 − cos t वर्गासारखा दिसत नाही. तो वर्ग आहे, फक्त अर्ध्या कोनाचा:

1 − cos t = 2 sin²(t/2)

आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात 1 − cos t शी जुळणाऱ्या राशीला उत्क्रमज्या म्हणत, आणि ती निम्मी केली की अर्ध्या कोनाच्या ज्येचा वर्ग मिळतो हे सहाव्या शतकात वराहमिहिराला माहीत होतं; ज्यांची कोष्टकं करायला तो हे वापरत असे. आपण ते मुळाखाली घातलं की 4r² sin²(t/2) होतं आणि मूळ अलगद सुटतं: 2r sin(t/2). पुढचं काम दोन मिनिटांचं. 0 ते 2π संकलन करा, उत्तर 8r. ३५ चे आठपट २८०.

ही नुसती चिन्हांची करामत नाही. चाक t कोनातून फिरलं की जमिनीला टेकलेल्या बिंदूपासून ठिपक्यापर्यंतची जीवा बरोबर 2r sin(t/2) इतकी असते. घरंगळणारं चाक त्या क्षणी त्या टेकलेल्या बिंदूभोवतीच फिरत असतं, म्हणून ठिपक्याचा वेग त्या जीवेइतका. खाली जीवा शून्य, म्हणून ठिपका क्षणभर थांबतो. माथ्यावर जीवा म्हणजे पूर्ण व्यास, म्हणून तो सायकलच्या दुप्पट वेगाने पळतो. धावत्या सायकलच्या फोटोत वरचे स्पोक पुसट आणि खालचे स्पष्ट येतात ते यामुळेच. मुळाखालची गर्दी हटली तेव्हा आत एक साधी जीवा बसलेली होती.

आता दुसरा खड्डा. चाक दोनदा फिरलं तर लांबी 16r हवी. पण 2r sin(t/2) चं संकलन सरळ 0 ते 4π केलं तर उत्तर शून्य येतं! ठिपका साडेपाच मीटर चालला आणि गणित म्हणतं जागचा हललाच नाही. कारण वर्गाचं वर्गमूळ म्हणजे ती संख्या नव्हे, तिचं केवल मूल्य. खरं उत्तर 2r|sin(t/2)| आहे. पहिल्या फेऱ्यात sin(t/2) धनच असतो, म्हणून उभ्या रेघा गाळल्या तरी खपतं. दुसऱ्या फेऱ्यात तो ऋण होतो आणि आधीची लांबी खाऊन टाकतो. मूळ काढल्यावर लगेच विचारायचं, की या टप्प्यात आतली राशी चिन्ह बदलते का? बदलत असेल तर तिथे तुकडे पाडायचे.

हीच कमान जमिनीच्या रेषेभोवती गरगर फिरवली तर दोन्ही टोकांना निमुळता, मधे फुगलेला आकार तयार होतो: लांबी २२० सेंटिमीटर, मधली जाडी १४०. त्याला बाहेरून कापड लावायचं तर किती लागेल? कमानीचा प्रत्येक छोटा तुकडा फिरून एक पट्टी होते. पट्टीचा घेर 2πy, आणि रुंदी म्हणजे तुकड्याची तिरकी लांबी, जी आपण आत्ताच काढली. अनेक जण रुंदी म्हणून dx घेतात, म्हणजे उतार विसरून पट्ट्या सपाट धरतात, आणि कापड कमी पडतं: उत्तर 59.2r² च्या आसपास येतं. तिरकी लांबी घेतली की

S = ∫ 2π · r(1 − cos t) · 2r sin(t/2) dt

इथेही y तसाच ठेवला तर गुणाकार दोन वेगवेगळ्या कोनांत अडकतो. त्यालाही अर्ध्या कोनात आणा, म्हणजे 2r sin²(t/2) करा. मग सगळं एकाच भाषेत बोलू लागतं आणि 8πr² sin³(t/2) चं संकलन उरतं. उत्तर 64πr²/3, म्हणजे सुमारे 67r². आपल्या चाकासाठी साधारण ८.२ चौरस मीटर कापड. हा आकार ज्यात नेमका बसेल त्या नळकांड्याच्या गोल अंगाला 79r² लागलं असतं, तेव्हा आकडा पटण्यासारखा आहे.

पाठ्यपुस्तकातली गणितं असा पूर्ण वर्ग मिळेल अशीच बेतलेली असतात. x = eᵗ − t आणि y = 4e^(t/2) हे त्यातलं नेहमीचं गिऱ्हाईक: मुळाखाली (eᵗ − 1)² मध्ये 4eᵗ मिळवले की मधलं उणे अधिक होतं आणि (eᵗ + 1)² हाती येतं. त्यामुळे विद्यार्थ्यांना वाटतं की मूळ नेहमी सुटतंच. ते किती नशिबाने सुटतं हे पाहायचं तर ठिपका टायरवरून काढून स्पोकवर, चाकाच्या केंद्रापासून २५ सेंटिमीटरवर लावा. रिफ्लेक्टर असतो तसा. केंद्रापासूनचं अंतर d, तर मुळाखाली येतं

r² + d² − 2rd cos t

d आणि r सारखे नसले की हा पूर्ण वर्ग होत नाही. अर्धा कोन आणून तो (r + d)² sin²(t/2) + (r − d)² cos²(t/2) असा लिहिता येतो, आणि ही लंबवर्तुळाच्या परिमितीची राशी आहे. रिफ्लेक्टरने एका फेऱ्यात काढलेली नागमोडी वाट, आणि r + d व r − d हे अर्धअक्ष असलेल्या लंबवर्तुळाची पूर्ण परिमिती, यांची लांबी एकच. पास्कलने १६५८ च्या सुमारास हे नातं दाखवलं होतं. लंबवर्तुळाच्या परिमितीचं संकलन मात्र नेहमीच्या फलनांत सुटत नाही. तिथे अंदाजी सूत्रं लागतात, आणि त्यांतली दोन फार नेमकी सूत्रं रामानुजनने १९१४ साली दिली. आपल्या रिफ्लेक्टरसाठी अर्धअक्ष ६० आणि १०, आणि वाट सुमारे २४९ सेंटिमीटर.

आता रिफ्लेक्टर हळूहळू आत, केंद्राकडे सरकवा. लंबवर्तुळ गोल होत होत शेवटी r त्रिज्येचं वर्तुळ बनतं आणि वाट 2πr, म्हणजे आसाची सरळ रेषा. बाहेर, टायरकडे सरकवा, तर लंबवर्तुळ चपटं होत होत टायरवर पोचताच नुसती 4r लांबीची रेघ उरते. तिच्यावरून एकदा जायचं, एकदा यायचं. तो 8r.