महाबळेश्वरची उंची मेमरीत कुठे ठेवायची?

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ हे अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि त्याच्या रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. त्या मोजणीचे आकडे आज कुणालाही फुकट मिळतात. एका अंशाच्या चौकोनासाठी एक फाइल, आणि चौकोनाचा नैऋत्य कोपरा हेच तिचं नाव. N17E073.hgt या फाइलमध्ये १७ ते १८ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश एवढा मुलूख मावतो. म्हणजे महाबळेश्वर, प्रतापगड, कोयना धरण, चिपळूण आणि पश्चिमेला थोडासा अरबी समुद्र.

फाइलची रचना अगदी साधी आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे ३६०१ ओळी, प्रत्येक ओळीत पश्चिमेकडून पूर्वेकडे ३६०१ उंच्या आणि प्रत्येक उंची दोन बाइटची. एकूण २,५९,३४,४०२ बाइट. शीर्षक नाही, तारीख नाही, नुसते आकडे. याच मोजणीची जाडसर आवृत्तीही मिळते. तिच्यात ओळी आणि रकाने १२०१ असतात. कोणती आवृत्ती हाती आली आहे, हे फाइलचा आकार पाहिल्यावरच कळतं. त्यामुळे सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याला तक्त्याचा आकार आधी पक्का करता येत नाही. प्रोग्राम चालू असताना तेवढी मेमरी मागून घ्यावी लागते. ती मागायची कशी, इथे दोन वाटा फुटतात.

मेमरीला ओळी आणि रकाने माहीत नसतात. तिथे शून्यापासून पुढे क्रमाने पत्ते असतात, बस्स. सीमधलं malloc हे फंक्शन मागितले तेवढे बाइट सलग देतं आणि पहिल्या बाइटचा पत्ता परत करतं. पत्ता साठवणाऱ्या चलाला पॉइंटर म्हणतात. आजच्या ६४ बिटांच्या संगणकात तो आठ बाइटचा असतो.

पाठ्यपुस्तकांतून आणि वर्गांतून बहुधा पहिली वाट शिकवली जाते. आधी पॉइंटरांची एक यादी मागायची, मग प्रत्येक ओळीसाठी वेगळी मेमरी मागून तिचा पत्ता यादीत लिहायचा.

```c
int16_t **h = malloc(n * sizeof *h);
for (size_t i = 0; i < n; i++)
    h[i] = malloc(n * sizeof *h[i]);
```

आपल्या फाइलसाठी malloc ला ३६०२ वेळा हाक मारावी लागते. ७२०२ बाइटचे ३६०१ तुकडे मिळतात आणि त्यांच्या पत्त्यांची २८,८०८ बाइटची यादी तयार होते. पुस्तकाची अनुक्रमणिका पाहून पान उघडावं, तसं h[i][j] लिहिलं की संगणक आधी यादीतून i व्या ओळीचा पत्ता वाचतो आणि मग त्या ओळीत j व्या जागी जातो. मेमरीकडे दोन फेऱ्या होतात.

दुसऱ्या वाटेने सगळी मेमरी एकदाच, एका सलग पट्ट्यात मागायची.

```c
int16_t *h = malloc(n * n * sizeof *h);
/* ओळ i, रकाना j */
h[i * n + j]
```

इथे यादी नसते, गुणाकार असतो. महाबळेश्वर साधारण १७.९२५ अक्षांशावर आणि ७३.६५८ रेखांशावर आहे. एका अंशात ३६०० पावलं, म्हणून उत्तर कडेपासून मोजली तर ती २७० वी ओळ आणि पश्चिम कडेपासून २३६९ वा रकाना, दोन्ही शून्यापासून मोजलेले. २७० गुणिले ३६०१, अधिक २३६९ म्हणजे ९,७४,६३९. पट्ट्याच्या सुरुवातीपासून एवढ्या घरांपलीकडे महाबळेश्वरची उंची ठेवलेली असते.

ओळींच्या पत्त्यांची यादी ठेवण्याची कल्पना सीपेक्षा जुनी आहे. जॉन इलिफ यांनी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संगणकासाठी ती मांडली आणि १९६१ मध्ये तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. अशा यादीला आजही ‘इलिफ व्हेक्टर’ म्हणतात. त्या काळी गुणाकार हे महागडं काम होतं, मेमरीतून एक आकडा उचलणं त्यामानाने स्वस्त होतं. त्यामुळे गुणाकार वाचवणारी यादी फायद्याची होती. आता पारडं उलटलं आहे. आजचा प्रोसेसर गुणाकार तीनचार ठोक्यांत उरकतो, पण मुख्य मेमरीतून एखादा आकडा आणायचा तर शेकडो ठोके वाट पाहतो.

म्हणूनच ‘सलग पट्टा नेहमी वेगवान’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही. बहुतेक संगणकांत तो एका वेळी ६४ बाइटचा घास उचलून जवळच्या वेगवान साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये ठेवतो. आपल्या तक्त्याच्या एका घासात ३२ उंच्या येतात. ओळीने वाचत गेलं तर एका घासावर ३२ वाचनं भागतात, आणि ओळ सात हजार बाइटची असल्याने ती वेगळ्या तुकड्यात आहे की पट्ट्यात, याने फारसा फरक पडत नाही. पत्ता शोधायचा खर्च ओळीमागे एकदाच होतो. याउलट रकान्याने वरून खाली वाचत गेलं, तर प्रत्येक पाऊल ७२०२ बाइटचं पडतं आणि प्रत्येक घासातली एकच उंची लगेच कामी येते. पुढच्या रकान्यासाठी परत येईपर्यंत ते घास कॅशमधून बाहेर गेलेले असण्याची शक्यता मोठी. हा फटका दोन्ही वाटांनी बसतो. तेव्हा अशा तक्त्यात वेग हवा असेल, तर आधी आतला लूप रकान्यांवर फिरतो आहे ना, हे पाहायला हवं. ओळी अगदी आखूड आणि लाखोंनी असतील, तेव्हा मात्र यादी खरोखर महाग पडते. तीन आकड्यांच्या, सहा बाइटच्या ओळीसाठी आठ बाइटचा पत्ता लागतो, शिवाय लिनक्सवरचा नेहमीचा malloc ६४ बिटांत ३२ बाइटपेक्षा लहान तुकडा देतच नाही.

सलग पट्ट्याचा खरा फायदा वेगळीकडे आहे: बाकीच्या जगाच्या दृष्टीने सगळा तक्ता एकच वस्तू होतो. फाइल वाचायला fread ची एक हाक पुरते. प्रत काढायला memcpy ची एक. या फाइलमधल्या आकड्यांचे बाइट मोठा आधी या क्रमाने असतात, तर बहुतेक संगणक लहान आधी मानतात. ते उलटवायला एक सरळ लूप पुरतो. आणि शेवटी free(h) म्हटलं की काम संपलं.

यादीच्या वाटेवर हा शेवट जपून करावा लागतो. आधी प्रत्येक ओळ परत करायची, मग यादी. घाईत नुसतं free(h) लिहिलं, तर यादी जाते आणि ओळी अनाथ होऊन मेमरीत पडून राहतात. प्रोग्राम कुठेही कोसळत नाही, पण नकाशावर एकेक चौकोन उघडत गेलं की दर वेळी सुमारे २६ मेगाबाइट गिळंकृत होतात. व्हॅलग्राइंड या साधनाखाली असा प्रोग्राम चालवला, तर ३६०१ तुकड्यांत २,५९,३४,४०२ बाइट हरवल्याची नोंद दिसते. हरवलेले बाइट फाइलच्या आकाराइतकेच आहेत, हे लक्षात आलं की चूक कुठे आहे ते शोधावं लागत नाही. मागणीच्या वेळचीही अडचण आहे. २००० ओळी मिळाल्या आणि पुढची मिळाली नाही, तर आधीच्या सगळ्या परत करण्याचा कोड वेगळा लिहावा लागतो. बरेच जण तो लिहीत नाहीत.

सलग पट्ट्यालाही त्याची स्वतःची चूक आहे, आणि ती जास्त फसवी आहे. समजा, प्रत्येक जागेचा उतार काढायचा म्हणून प्रोग्राम तिची उंची आणि पूर्वेकडच्या शेजाऱ्याची उंची यांची वजाबाकी करतो. शेवटच्या रकान्याला पूर्वेचा शेजारी नसतो. लूप एक पाऊल पुढे गेला, तर पट्ट्यात त्या जागी पुढच्या ओळीचा पहिला आकडा असतो. आपल्या चौकोनाची पूर्व कड साताऱ्यातून जाते, उंची सातशे मीटरच्या आसपास. पश्चिम कड समुद्रात, उंची शून्य. साताऱ्याच्या शेजारी अवघ्या तीस मीटरांवर समुद्र आहे, असा हिशोब होतो आणि नकाशाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत एक कडा उभा राहतो. कुठलीही सूचना येत नाही. मेमरीची आगळीक पकडणारा ॲड्रेससॅनिटायझरही शेवटची ओळ संपेपर्यंत गप्प राहतो, कारण तोवर वाचलेली जागा मागितलेल्या पट्ट्याच्या आतच असते. यादीच्या वाटेने हीच चूक केली, तर ओळ संपताच सॅनिटायझर heap-buffer-overflow असं बजावून प्रोग्राम थांबवतो. त्यामुळे कोड तपासण्यापुरते ओळींचे तुकडे वेगळे ठेवावेत आणि मग सलग पट्ट्यावर जावं, ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे.

दोन कंसांची सोय आणि सलग मेमरी, दोन्ही हवं असेल, तर १९९९ च्या सी मानकाने वाट दिली आहे:

```c
int16_t (*h)[n] = malloc(n * sizeof *h);
```

आता h हा ‘n उंच्यांच्या ओळी’चा पॉइंटर झाला. h[i][j] लिहिता येतं, गुणाकार कंपायलर करतो आणि free एकदाच. मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर मात्र हे स्वीकारत नाही.

इथे एक गफलत वारंवार होते. दोन्ही वाटांवर h[i][j] असंच लिहितात, म्हणून असा पट्टा int16_t ** मागणाऱ्या फंक्शनला देऊन टाकला जातो. कंपायलर तक्रार करतो, तर सक्तीने प्रकार बदलून त्याला गप्प बसवलं जातं. मग ते फंक्शन पट्ट्याचे पहिले आठ बाइट, म्हणजे वायव्य कोपऱ्यातल्या चार उंच्या, पत्ता समजून वाचतं. आपल्या चौकोनात तो कोपरा हरिहरेश्वरच्या पश्चिमेला समुद्रात आहे. चारही उंच्या शून्य, म्हणून पत्ता शून्य, आणि प्रोग्राम पहिल्याच वाचनाला कोसळतो. चौकोन डोंगराळ असता तर पत्ता शून्याऐवजी भलताच निघाला असता, पण शेवट बहुधा तोच.

मग यादी कधी घ्यावी? ओळींची लांबी सारखी नसेल तेव्हा. टेक्स्ट एडिटरमध्ये एक ओळ चार अक्षरांची, दुसरी चारशेची असते आणि मधेच नवी ओळ घुसवावी लागते. तिथे सलग पट्टा अडचणीचाच. समीकरणं सोडवताना ओळींची अदलाबदल करायची असेल, तर दोन पत्ते बदलले की झालं. सगळ्या उंच्या एका पट्ट्यात आणि त्यांच्यात बोट दाखवणारी यादी वेगळी, अशी मिश्र रचनाही चालते. त्यात पट्टा परत करताना free(h[0]) लिहायची पद्धत आहे. ओळींची अदलाबदल झाली असेल, तर h[0] पट्ट्याच्या मध्यावर कुठेतरी बोट दाखवत असतो, आणि malloc ने न दिलेला पत्ता free ला दिला जातो. पट्ट्याचा मूळ पत्ता वेगळ्या चलात जपून ठेवला, की हा धोका टळतो.

चौकोन जोडत गेलं की आकडे फुगतात. महाराष्ट्र झाकायला उत्तर–दक्षिण आठ आणि पूर्व–पश्चिम नऊ चौकोन लागतात. तेवढा पट्टा सुमारे १८७ कोटी बाइटचा होतो. ६४ बिटांच्या संगणकात पुरेशी मेमरी असेल तर तो एकसंध मिळतो. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रावर एवढी सलग जागा सापडणं जवळपास अशक्य, आणि तिथे ओळींचे लहान तुकडे थोडे अधिक दूरवर नेतात. तीस अंश गुणिले तीस अंश, म्हणजे साधारण भारताएवढा चौकोन घेतला, तर घरांची संख्या ११६६ कोटींवर जाते, आणि साध्या int मध्ये २१४ कोटींच्या थोडं पुढेपर्यंतच मावतं. n आणि i तिथे int असतील, तर i * n हा गुणाकार मेमरीपर्यंत पोचण्याआधीच चुकतो. म्हणून वरच्या प्रत्येक तुकड्यात n चा प्रकार size_t धरलेला आहे.