‘नॉट’चे ‘नाही’ होताना

इंग्रजी वाक्याचे मराठी भाषांतर करणाऱ्या संगणकीय मॉडेलचे सहसा दोन भाग असतात. एन्कोडर मूळ वाक्य वाचतो आणि डिकोडर मराठी वाक्य एकेक शब्द करत लिहितो. लिहिताना डिकोडरला दोन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. आपण आतापर्यंत काय लिहिले, हे एक. मूळ वाक्यात काय आहे, हे दुसरे. पहिल्या कामाला सेल्फ-अटेन्शन म्हणतात आणि दुसऱ्याला क्रॉस-अटेन्शन. आयआयटी मद्रासमधील ‘एआयफॉरभारत’ गटाने 2023 मध्ये राज्यघटनेच्या अनुसूचीतील 22 भाषांसाठी खुले केलेले ‘इंडिकट्रान्स2’ हे मॉडेल याच रचनेचे आहे. त्याच्या मोठ्या आवृत्तीत एन्कोडरचे 18 आणि डिकोडरचे 18 थर आहेत.

हार्बर मार्गावरच्या एखाद्या सूचनेचे वाक्य घेऊ: ‘द ट्रेन टू पनवेल विल नॉट स्टॉप ॲट नेरूळ.’ मराठीत ते होईल, ‘पनवेलला जाणारी गाडी नेरूळला थांबणार नाही.’ इंग्रजीत नऊ शब्द आहेत, मराठीत सहा. ‘नॉट’ तिकडे क्रियापदाच्या आधी आहे, ‘नाही’ इकडे अगदी शेवटी. ‘टू’ आणि ‘ॲट’ हे सुटे शब्द मराठीत प्रत्यय होऊन नामाला चिकटले आहेत. प्रत्यक्षात मॉडेल शब्दांचेही तुकडे करते, पण येथे एक शब्द म्हणजे एक तुकडा असे धरले तरी चालेल.

एन्कोडरमध्ये नऊही शब्द एकमेकांकडे पाहतात. प्रत्येक शब्दाची आकड्यांची एक रांग असते आणि थरागणिक त्या रांगेत शेजाऱ्यांचा अर्थ मिसळत जातो. अखेरच्या थरातून नऊ रांगा बाहेर पडतात. ‘नेरूळ’च्या रांगेत तोवर हे थांबण्याचे ठिकाण आहे, एवढी माहिती आलेली असते. हे एन्कोडरचे सेल्फ-अटेन्शन. मूळ वाक्य पूर्ण हाती असल्यामुळे त्यात मागे-पुढे दोन्हीकडे पाहता येते. डिकोडरच्या सेल्फ-अटेन्शनला मात्र फक्त मागे पाहता येते, कारण पुढचे शब्द अजून लिहायचेच असतात.

हिशेबाची पद्धत दोन्ही प्रकारांत एकच आहे. पाहणारा शब्द एक प्रश्न तयार करतो, त्याला क्वेरी म्हणतात. ज्याच्याकडे पाहायचे तो शब्द ओळखीसाठी ‘की’ आणि देण्याच्या मजकुरासाठी ‘व्हॅल्यू’ पुढे करतो. क्वेरी आणि की यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या जुळणीचा गुणांक. सूत्र असे:

```
softmax(Q·Kᵀ / √d)·V
```

यातील `d` म्हणजे की-मधील आकड्यांची संख्या. फरक आहे तो `Q`, `K` आणि `V` कुठून येतात यात. सेल्फ-अटेन्शनमध्ये तिन्ही एकाच वाक्यातून येतात. क्रॉस-अटेन्शनमध्ये क्वेरी डिकोडरची असते, तर की आणि व्हॅल्यू एन्कोडरच्या. म्हणजे विचारणारा मराठी बाजूला आणि उत्तर देणारे इंग्रजी बाजूला.

समजा, ‘पनवेलला जाणारी गाडी’ एवढे लिहून झाले आहे आणि चौथा शब्द हवा आहे. क्वेरी शेवटच्या लिहिलेल्या शब्दाच्या, म्हणजे ‘गाडी’च्या जागेवरून निघते. उदाहरणापुरते असे धरू की, `√d`ने भागल्यावर तिचे ‘नेरूळ’शी 3, ‘ॲट’शी 2, ‘स्टॉप’शी 1 आणि उरलेल्या सहा शब्दांशी 0 गुण जुळले. सॉफ्टमॅक्स या गुणांचे वाटे करते, सर्व वाट्यांची बेरीज 1 होईल असे. ‘नेरूळ’ला सुमारे 0.56, ‘ॲट’ला 0.20, ‘स्टॉप’ला 0.08 आणि बाकीच्या प्रत्येकाला 0.03 वाटा येतो. या प्रमाणात नऊ व्हॅल्यूंची बेरीज करून डिकोडरला एकच मिश्र रांग मिळते. तिच्यात स्थानकाचे नाव ठळक असते आणि ‘ॲट’मुळे ‘ला’ प्रत्ययाची सूचनाही असते. सहा मराठी शब्दांसाठी असे नऊ-नऊ वाटे पडतात, म्हणून क्रॉस-अटेन्शनचा तक्ता सहा गुणिले नऊ असा आयताकृती होतो. सेल्फ-अटेन्शनचा तक्ता नेहमी चौरस असतो.

दोन्ही प्रकार का लागतात, हे मराठीतील लिंगावरून चांगले कळते. ‘जाणारी’ हा शब्द ‘गाडी’च्या आधी येतो. तो लिहिताना मराठी बाजूला फक्त ‘पनवेलला’ आहे, त्यावरून ‘जाणारा’, ‘जाणारी’ की ‘जाणारे’ हे ठरत नाही. ते ठरण्यासाठी ‘ट्रेन’ची माहिती इंग्रजी बाजूकडूनच यायला हवी, म्हणजे क्रॉस-अटेन्शनमधून. आता ‘द फ्लाइट लँडेड लेट’ हे वाक्य पाहा. मराठीत ‘विमान उशिरा उतरले’ होईल किंवा ‘फ्लाइट उशिरा उतरली’ होईल. क्रियापदाचे लिंग आधी कोणता मराठी शब्द निवडला यावर अवलंबून आहे. इंग्रजी वाक्याकडे कितीही पाहिले तरी ती निवड तिथे सापडणार नाही. ती डिकोडरच्या स्वतःच्या लिखाणात आहे आणि सेल्फ-अटेन्शनने वाचावी लागते.

या जोडीत क्रॉस-अटेन्शन आधी आले. 2014 पर्यंत अशी मॉडेल्स संपूर्ण मूळ वाक्य एकाच ठरावीक लांबीच्या रांगेत कोंबत आणि लांब वाक्यांत अडखळत. बाहदानाऊ, चो आणि बेंजिओ यांनी त्या वर्षी डिकोडरला प्रत्येक शब्दागणिक मूळ वाक्याकडे परत पाहण्याची सोय दिली. 2017 मध्ये वासवानी आणि सहकाऱ्यांच्या ट्रान्सफॉर्मरने वाक्याच्या आतले संबंधही अटेन्शनवरच सोपवले. या रचनेत डिकोडरच्या प्रत्येक थरात आधी सेल्फ-अटेन्शन, मग क्रॉस-अटेन्शन असा क्रम असतो.

प्रत्येक मूळ शब्दाकडे एकदा तरी पाहिलेच पाहिजे, असे बंधन मात्र या रचनेत नाही. त्यामुळे एखादा शब्द गळतो किंवा एकच तुकडा दोनदा भाषांतरित होतो. ‘नॉट’ गळला तर ‘गाडी नेरूळला थांबणार आहे’ असे निर्दोष मराठीतले पूर्ण उलटे वाक्य तयार होईल. डिकोडर स्वतःच्या लिखाणावर जास्त विसंबला की हा धोका वाढतो. वाक्य ओघवते असते, पण मूळ वाक्याशी त्याचा संबंध सुटलेला असतो.

अशी चूक तपासताना वाट्यांचा तक्ता काढून पाहतात, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. एन्कोडरने आधीच शब्द एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे नकाराचा अर्थ ‘स्टॉप’च्या रांगेतही उतरलेला असू शकतो. ‘नॉट’ला कमी वाटा मिळाला म्हणजे तो दुर्लक्षिला गेला असे सिद्ध होत नाही. शिवाय अनेक थर आणि प्रत्येक थरात अनेक समांतर अटेन्शन असतात, त्यांचे वाटे एकमेकांशी जुळतातच असे नाही. त्यापेक्षा साधी चाचणी अधिक सांगते. मूळ वाक्यातून ‘नॉट’ काढून पुन्हा भाषांतर करावे. दोन्ही वेळा मराठी वाक्य तेच आले, तर मॉडेलने तो शब्द वापरलाच नव्हता.