बाटलीखालची बाटली

घरगुती उत्पादनांच्या जाहिराती पाहिल्या, तर एक खोट वारंवार दिसते. कोकम सरबताची बाटली उत्तम टिपलेली असते, मागचा पडदा बदलून तिथे गडद हिरवा किंवा राखाडी रंग छान बसवलेला असतो, आणि तरीही बाटली कुठेच उभी नसते. ती तरंगते. मग कुणीतरी सुचवतो, खाली चकचकीत फरशी दाखवू. बाटलीची प्रत काढतात, उलटी करतात, फिकट करून खाली चिकटवतात. बाटली आता तरंगत नाही, पण काहीतरी खोटं वाटत राहतं. ते नेमकं काय, हे समजायला फरशीपासून सुरुवात करावी लागते.

पूर्ण आरशात प्रतिबिंब फिकट होत नाही. तळाशी जितकं स्पष्ट, तितकंच झाकणाशीही. पण जाहिरातीतली फरशी आरसा नसते. चमकदार सनमायकाच्या टेबलावर पेन उभं धरून पाहा. टेबलाला टेकलेलं टोक प्रतिबिंबात रेखीव दिसतं, पण वर जावं तसं ते धूसर होत शेवटी टेबलाच्या रंगात विरघळतं. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म खडबडीतपणा असतो आणि तो प्रकाशाला थोडं थोडं फाकवतो. वस्तूचा जो भाग फरशीपासून जितका उंच, तितका त्याचा प्रकाश जास्त पसरतो. म्हणजे विरण्याचं मूळ कारण धूसर होणं हे आहे. नुसतं फिकट करणारे ही गोष्ट विसरतात, म्हणून त्यांचं प्रतिबिंब कितीही पुसट केलं तरी कागदी वाटतं.

आता एक उदाहरण घेऊ. फोटोत बाटली १५०० पिक्सेल उंच आणि ४२० पिक्सेल रुंद आहे, आजूबाजूचं सगळं कापून ती वेगळ्या थरावर ठेवलेली आहे. तिच्या तळाखाली निदान ७०० पिक्सेल मोकळी फरशी हवी. बहुतेक चित्रं इथेच अडतात, कारण बाटली अगदी खालच्या कडेला टेकवलेली असते आणि प्रतिबिंबाला जागाच उरत नाही. फोटोशॉपमध्ये Ctrl+J दाबून थराची प्रत काढायची, ती मूळ थराच्या खाली ठेवायची आणि Edit > Transform > Flip Vertical निवडायचं. Rotate 180° नव्हे. अर्धवर्तुळ फिरवलं की डावी बाजू उजवीकडे जाते: मूळ बाटलीवर उजेड डावीकडून आणि प्रतिबिंबात उजवीकडून, असा प्रकार होतो. लेबलावरची अक्षरंही चुकीच्या दिशेने उलटतात. मग Shift दाबून प्रत सरळ खाली ओढायची, तळाला तळ भिडेपर्यंत.

इथे खरी अडचण समोर येते. कॅमेरा अगदी फरशीच्या पातळीवर असेल, तर तळाची रेषा सरळ दिसते आणि दोन्ही तळ नीट जुळतात. पण साधारणपणे कॅमेरा थोडा वर असतो. समजा तो बाटलीपासून मीटरभर दूर आणि टेबलापासून १८ सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे जवळपास १० अंश वरून पाहतो आहे. मग बाटलीचा गोल तळ खाली फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. या मापात मधला भाग कडांपेक्षा सुमारे ३५ पिक्सेल खाली असतो. प्रत उलटवली की तिची कमान वर फुगते. दोन्ही कमानी फक्त मध्यभागी टेकतात आणि कडांना सुमारे ७० पिक्सेलची फट राहते. मघाशी जे खोटं वाटत होतं, त्याचा मोठा वाटा या फटीचा असतो.

खऱ्या प्रतिबिंबात अशी फट का नसते? प्रतिबिंब म्हणजे फरशीखाली उलटी उभी असलेली दुसरी बाटली, आणि कॅमेरा तिच्याकडेही वरूनच पाहतो. म्हणून तिच्या लेबलाच्या कडाही खालीच फुगतात, उलट पहिलीपेक्षा थोड्या जास्तच. चित्र खरं की खोटं ओळखायची ही सोपी खूण आहे: वरच्या आणि खालच्या लेबलाच्या कडा एकाच दिशेला वळल्या आहेत का ते पाहा. उपाय म्हणून Edit > Transform > Warp घ्यायचं, प्रतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना वर ओढायचं आणि वरची कड मूळ तळाच्या कमानीला चिकटवायची. लेबलाच्या कडांनाही तसाच बाक द्यायचा. चौकोनी खोका तिरका ठेवला असेल, तर दिसणाऱ्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापून उलटवाव्या लागतात आणि Skew वापरून प्रत्येकीची कड खोक्याच्या तळाशी जुळवावी लागते. उभ्या रेषा मात्र उभ्याच राहू द्यायच्या.

यानंतर Filter > Blur Gallery > Field Blur. एक टाचणी तळाशी लावून धूसरपणा शून्य ठेवायचा, दुसरी ६०० पिक्सेल खाली लावून १० च्या आसपास. मग थराला मास्क लावायचा. मास्कवर पांढरं म्हणजे दिसणारं आणि काळं म्हणजे लपलेलं. ग्रेडिएंटने तळापाशी पांढऱ्यापासून सुरुवात करून ६०० पिक्सेल खाली काळ्यावर संपवायचं. बाटलीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त प्रतिबिंब पुरतं. झाकणापर्यंत सगळं दाखवायचा मोह टाळावा, कारण वर जाल तसं वाकवलेल्या प्रतीचं खोटंही वाढतं. झाकणाची खालची कड खऱ्या प्रतिबिंबात दिसली असती. ती तुमच्या फोटोत नाहीच.

थराची अपारदर्शकता किती ठेवायची, हे बहुतेक जण अंदाजाने ठरवतात. त्यालाही नियम आहे. काच किंवा अ‍ॅक्रिलिकसारखा पृष्ठभाग वरून सरळ पाहिला, तर सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, ३० अंशांवरून ९, २० अंशांवरून १७ आणि १० अंशांवरून जवळपास ४०. कॅमेरा जितका फरशीलगत, तितकं प्रतिबिंब ठळक. आपल्या बाटलीला ३५ ते ४० टक्के शोभतील. पडद्यावर ही टक्केवारी तंतोतंत उतरत नाही, पण दिशा कळते. ओट्यावरच्या काळ्या ग्रॅनाइटवर ग्लास ठेवा, आधी उभं राहून आणि मग वाकून पाहा, फरक लगेच दिसेल.

फरशी गडद असेल तर प्रतिबिंबाच्या थराला Screen हा मोड द्यावा, म्हणजे फक्त उजळ भाग दिसतील. काळ्या फरशीत काळं झाकण उमटत नाही. शेवटी, बाटली जिथे टेकते तिथे एक बारीक गडद सावली द्यायची. प्रतिबिंब कितीही नीट बसलं, तरी ही रेषा नसेल तर बाटलीला वजन येत नाही.

कॅमेरा ३० अंशांहून वर असेल, तर हा सगळा खटाटोप करू नये. तिथे खरी फरशीच फारसं काही परतवत नाही. साधी सावली द्यावी आणि काम संपवावं.